बारा हजार लिटरची टाकी

महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा गणिताचा प्रत्येक पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा. शेवटची दहा मिनिटं उरली की पुष्कळ मुलं सोडवलेलं उदाहरण पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागतात. त्यात चूक क्वचितच सापडते. लिहिताना जी ओळ बरोबर वाटली, ती वाचतानाही बरोबरच वाटते. खरा ताळा घ्यायचा तर उत्तराकडे दुसऱ्या वाटेनं जावं लागतं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. वृत्तचितीच्या आकाराच्या टाकीचा व्यास 1.4 मीटर आणि उंची 2 मीटर आहे, तर तिच्यात किती लिटर पाणी मावेल?

सूत्राला हात लावण्याआधी ही टाकी एका चौकोनी खोक्यात उभी आहे असं समजावं. खोक्याचं घनफळ 1.4 × 1.4 × 2, म्हणजे चाराला थोडं कमी, 3.92 घनमीटर. चौरसात बसवलेलं वर्तुळ त्याची पाऊण भागाहून थोडी जास्त जागा घेतं. तेव्हा उत्तर तीन घनमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण 3000 लिटर यायला हवं आणि काही झालं तरी 3920 च्या वर जाता कामा नये. प्रत्यक्ष उत्तर 3080 लिटर येतं.

आता चुका पाहू. घाईत व्यासच त्रिज्या म्हणून घातला तर 12,320 लिटर येतात. खोक्यात न मावणारं पाणी टाकीत मावलं! ही चूक एकक पाहून कळत नाही, कारण व्यासही मीटरमध्ये आणि त्रिज्याही मीटरमध्येच. ती पकडतो तो अंदाज. उलट कुणी घनफळाऐवजी वक्रपृष्ठफळाचं सूत्र 2πrh वापरलं तर 8.8 येतात, पण ते चौरस मीटर. चौरस मीटरचे लिटर होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पायरीला एकक लिहिणारा तिथेच थबकतो. नुसते आकडे लिहिणारा मात्र 8800 लिटर करून मोकळा होतो. तिसरी चूक त्रिज्या 70 सेंटिमीटर करून उंची मात्र 2 च ठेवण्याची. मग येतात 30.8 लिटर: माणसाहून उंच टाकीत जेमतेम दोन बादल्या पाणी.

शाब्दिक उदाहरणात मामला जास्त फसवा असतो. एक गाडी 360 किलोमीटर अंतर एकसमान वेगानं जाते. वेग ताशी 5 किलोमीटरनं जास्त असता तर 48 मिनिटं कमी लागली असती. तर मूळ वेग किती? वेग x मानला की समीकरण असं:

360/x − 360/(x + 5) = 48/60

यातून x² + 5x − 2250 = 0 मिळतं आणि मुळं 45 व −50 येतात. वेग ऋण नसतो, म्हणून ताशी 45 किलोमीटर.

उजवीकडे 48 तसेच ठेवले तर वेग ताशी चार किलोमीटरच्या जवळपास येतो. गाडी माणसाच्या चालीनं निघाली की काहीतरी बिघडलंय हे कुणालाही कळेल. पण 48 मिनिटं म्हणजे 0.48 तास असं धरलं तर? तेव्हा उत्तर ताशी 58.8 च्या आसपास येतं. गाडीला हा वेग शोभून दिसतो, त्यामुळे अंदाज गप्प बसतो. एककही तक्रार करत नाही. आणि ही किंमत आपणच मांडलेल्या समीकरणात घालून पाहिली, तर दोन्ही बाजू जुळतातही! जुळणारच, कारण चूक मांडणीत आहे, सोडवण्यात नाही.

म्हणून किंमत घालायची ती समीकरणात नव्हे, प्रश्नाच्या वाक्यात. ताशी 58.8 नं 360 किलोमीटरला सुमारे 6.12 तास, 63.8 नं सुमारे 5.64 तास. फरक 0.48 तासांचा, म्हणजे जेमतेम 29 मिनिटं. प्रश्न तर 48 म्हणतोय. तेच 45 घालून पाहावं: 360 भागिले 45 म्हणजे 8 तास, 360 भागिले 50 म्हणजे 7.2 तास. इथे आणखी एक खड्डा आहे. 7.2 तास म्हणजे 7 तास 20 मिनिटं नव्हे, 7 तास 12 मिनिटं. आठातून वजा केले की बरोबर 48 मिनिटं उरतात.

एकसामयिक समीकरणांतही हीच मेख आहे. x काढून तो पहिल्या समीकरणात घातला आणि त्यावरून y काढला, तर पहिलं समीकरण जुळणारच, मग x चुकलेला का असेना. ताळा घ्यायचा तो दुसऱ्या समीकरणात.

आणि चूक सापडलीच तर पान काट मारून मोकळं करू नये. पायऱ्यांना गुण असतात. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारून तिथूनच पुढे नव्यानं लिहावं. वेळ अगदीच अपुरा असेल, तर निदान उजवीकडे 48/60 असलेलं समीकरण आणि त्यातून निघणारं वर्गसमीकरण तरी कागदावर उतरवावं.