पे स्लिपवर नाव चुकलंय? पेरोलला पत्र लिहिताना दोन नोंदी वेगळ्या ठेवा

'ज्योत्स्ना' हे नाव मराठीत एकाच पद्धतीने लिहिलं जातं. इंग्रजीत मात्र त्याची Jyotsna, Jyotsana, Jotsna अशी तीन-चार रूपं सहज सापडतात. लक्ष्मणचं Laxman आणि Lakshman, वैष्णवीचं Vaishnavi आणि Vaishanavi होतं, तेही असंच. नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्मवरून कोणीतरी घाईत एक अक्षर जास्त टाइप करतं आणि ते पुढे वर्षानुवर्षं पे स्लिपवर छापून येत राहतं.

त्याने पगार अडत नाही, कारण पगार बँकेच्या खाते क्रमांकावर जमा होतो. पीएफची रक्कमही दर महिन्याला UAN या बारा आकडी क्रमांकावर जमा होत राहते. त्यामुळे चूक लक्षात येते ती थेट पैसे काढायची वेळ आली की. घरासाठी किंवा आजारपणासाठी अर्ज केला जातो, आणि आधार, बँक खातं व पीएफमधलं नाव जुळत नाही म्हणून तो परत येतो. गरज असते आजची, आणि दुरुस्तीला मात्र वेळ लागतो.

मग पेरोल विभागाला पत्र जातं, 'माझ्या नावात चूक आहे, कृपया दुरुस्त करावी.' पुढच्या महिन्यात पे स्लिपवर नाव बरोबर येतं आणि सगळं मार्गी लागलं असं वाटतं. पीएफच्या खात्यावर मात्र जुनंच नाव असतं. याचं कारण असं की पे स्लिपवरचं नाव कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून येतं, तर पीएफचं नाव भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या नोंदीत असतं. पहिलं नाव पेरोलमधला माणूस त्याच्या टेबलावरून बदलू शकतो. दुसऱ्यासाठी ईपीएफओच्या पोर्टलवर वेगळा अर्ज लागतो. म्हणून पत्रात या दोन मागण्या वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात.

पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट पाहायची: आधारवर नाव नेमकं कसं आहे? पीएफमधलं नाव आधारशी पडताळलं जातं, त्यामुळे दहावीच्या गुणपत्रिकेवर काही असलं तरी आधारवरचं स्पेलिंगच प्रमाण धरावं लागतं. तिथेच चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्यायचं. आधारवरचं नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून ती संधी विचारपूर्वक वापरलेली बरी. लग्नानंतर वडिलांच्या नावाजागी पतीचं नाव आणि नवीन आडनाव लावायचं असेल, तर ती स्पेलिंगची चूक नसून नावातला बदल आहे. त्याची सुरुवातही आधारपासूनच होते.

समजा, एका कर्मचारी महिलेचं नाव आधार आणि पॅनवर Jyotsna Vilas Kadam असं आहे. पे स्लिपवर Jyotsana V Kadam छापलं जातं आणि पीएफच्या पोर्टलवर प्रोफाइलमध्ये Jyotsana Kadam दिसतं. म्हणजे दोन ठिकाणी दोन वेगळ्या चुका आहेत. तिचं पत्र असं असू शकेल:

प्रति,
वेतन (पेरोल) विभाग

विषय: पे स्लिप आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतील नावाचे स्पेलिंग दुरुस्त करण्याबाबत.
कर्मचारी क्रमांक: ____ UAN: ____

महोदय/महोदया,

आधार आणि पॅन कार्डवर माझे नाव JYOTSNA VILAS KADAM असे आहे. आपल्याकडील नोंदींत पुढील फरक आढळला आहे.

१. पे स्लिपवर JYOTSANA V KADAM असे नाव येते. पहिल्या नावातील S नंतरचा A काढून मधले नाव VILAS असे पूर्ण करावे.

२. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत JYOTSANA KADAM असे नाव आहे. ते आधारप्रमाणे करण्यासाठी मी पोर्टलवर दि. ____ रोजी अर्ज केला आहे. तो आपल्या मंजुरीसाठी प्रलंबित आहे. कृपया मंजुरी द्यावी.

तसेच वरील दोन्ही नावे माझीच असल्याचे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर मिळावे, ही विनंती.

सोबत: आधार व पॅनची प्रत, मागील महिन्याची पे स्लिप, पीएफ प्रोफाइलचा स्क्रीनशॉट.

आपली विश्वासू,
(सही)

पत्र मराठीत असलं तरी स्पेलिंग इंग्रजी मोठ्या अक्षरांतच लिहावं, कारण टाइप करणारा ते पाहूनच भरणार आहे. 'S नंतरचा A काढावा' हे वाक्य जरा बाळबोध वाटेल, पण Jyotsana आणि Jyotsna घाईत वाचताना सारखेच दिसतात. दुरुस्ती करतानाच पुन्हा तीच चूक होण्याचा प्रकार इथूनच घडतो.

दुसऱ्या मुद्द्यातला अर्ज पोर्टलवर लॉगिन करून Manage या मेनूतल्या Joint Declaration मधून करायचा असतो. त्याला कोणाची मंजुरी लागेल हे UAN कधी मिळाला यावर ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये ईपीएफओने हे नियम सोपे केले. UAN १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जोडलेला असेल, तर नावाची दुरुस्ती सदस्य स्वतः करू शकतो, मालकाच्या मंजुरीचीही गरज नाही. अशा वेळी पत्रातला दुसरा मुद्दा बदलून 'पीएफमधील नाव दुरुस्त झाले आहे, आपल्या नोंदीत तसेच घ्यावे' एवढंच लिहायचं. UAN त्याआधीचा असेल तर अर्ज कंपनीच्या लॉगिनमध्ये जाऊन थांबतो आणि कंपनीने होकार दिला की काम होतं. UAN आधारशी जोडलेलाच नसेल तर कागदी अर्ज कंपनीकडे द्यावा लागतो आणि कंपनी तो तपासून ईपीएफओकडे पाठवते.

सर्वात जास्त रखडतो तो मधला प्रकार. पोर्टलवर अर्ज पडून असतो, पण कंपनीत तो कोणी उघडूनच पाहत नाही. पीएफचं काम बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या सल्लागाराकडे दिलेलं असतं आणि पेरोलमधल्या माणसाला त्याची कल्पनाही नसते. म्हणून पत्रात अर्जाची तारीख हवी, आणि पत्र ईमेलने पाठवून वर छापील प्रतीवर पोच घ्यावी. आठवण करून देताना 'माझ्या पत्राचं काय झालं' असं न विचारता 'अमुक तारखेचा अर्ज तुमच्या लॉगिनमध्ये आहे' असं लिहिलं की तो योग्य माणसापर्यंत लवकर पोहोचतो.

जुन्या सगळ्या पे स्लिप नव्या नावाने छापून मागू नयेत. कंपन्या त्या सहसा देत नाहीत आणि त्यांची गरजही पडत नाही. गृहकर्जासाठी बँकेने जुन्या स्लिप मागितल्या तर सोबत ते लेटरहेडवरचं पत्र जोडता येतं. पत्रातली शेवटची विनंती त्यासाठीच आहे.

पे स्लिपवरचा बदल पुढच्या पगारात दिसायला हवा. महिन्याचं पगाराचं काम सुरू झाल्यावर पत्र पोहोचलं तर आणखी एक महिना जातो. पीएफचा बदल मात्र पे स्लिपवर पाहून कळत नाही. त्यासाठी पोर्टलवर पुन्हा लॉगिन करून View मधलं प्रोफाइल उघडायचं आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहायचं. कंपनी स्मरणपत्रांनाही दाद देत नसेल, तर ईपीएफओच्या EPFiGMS या तक्रार पोर्टलवर UAN टाकून तक्रार नोंदवता येते. तिथे पत्राची पोच आणि अर्जाचा स्क्रीनशॉट जोडावा.