‘हिचे तंतूच स्लो आहेत’

‘हिचे तंतूच स्लो आहेत, शंभर मीटर हिचं काम नाही.’ शाळा-कॉलेजच्या मैदानांवर हे वाक्य इतक्या सहज फेकलं जातं, की वाटावं बोलणाऱ्यानं त्या मुलीच्या मांडीतला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिलाय. पाहिलेला नसतो. दोन-तीन शर्यतींतले क्रमांक बघून तंतू ठरवलेले असतात आणि मग त्या तंतूंवरून पुढची शर्यत ठरते. हा युक्तिवाद गोल फिरतो, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

याचं मूळ आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या दोन रकान्यांत आहे. लाल तंतू म्हणजे मायोग्लोबिन भरपूर, तंतुकणिका भरपूर, काम संथ. पांढरे तंतू म्हणजे या दोन्ही गोष्टी कमी, काम झपाट्याचं. माहिती बरोबर आहे. घोटाळा होतो तो माणसांनाही त्याच दोन रकान्यांत बसवल्यावर.

तंतूचा प्रकार ठरतो तो मुख्यतः त्यातल्या मायोसिनवरून. अ‍ॅक्टिनला पकडून ओढणारं मायोसिनचं डोकं एटीपी किती वेगानं वापरतं, त्यावर तंतू किती वेगानं आखडेल हे अवलंबून असतं. माणसाच्या हातापायांत याच्या तीन मुख्य आवृत्त्या सापडतात: संथ टाइप 1, जलद टाइप 2ए आणि सर्वांत जलद पण लवकर थकणारी टाइप 2एक्स. एकाच तंतूत दोन आवृत्त्या असलेले मिश्र तंतूही असतात, म्हणजे रकाने तिथेच गळू लागतात. संथ तंतू दुबळा असतो हेही खरं नाही. समान जाडीच्या संथ आणि जलद तंतूंच्या जोरात फारसा फरक नसतो. फरक असतो वेगात, आणि शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. पूर्ण वेगातल्या स्प्रिंटरचा पाय जमिनीला जेमतेम एक दशांश सेकंद टेकतो. तेवढ्या वेळात जोर लावून मोकळं व्हायचं असतं, म्हणून तिथे जलद तंतूंचं पारडं जड होतं.

मग स्प्रिंटर आणि लांब पल्ल्याचे धावपटू यांच्या स्नायूंत फरक नसतो का? असतो, आणि चांगलाच असतो. डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये पोटरीच्या बायोप्सींवरून दाखवलं, की पुरुष स्प्रिंटरांमध्ये संथ तंतू सुमारे 24 टक्के होते आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये 70 टक्क्यांच्या आसपास. हाच आकडा ‘जन्मजात’च्या बाजूनं नेहमी पुढे केला जातो. पण हे सगळे वर्षानुवर्षं सराव केलेले खेळाडू होते. फरक सरावाआधीचा किती आणि नंतरचा किती, हे अशा एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून कळूच शकत नाही.

ते कळायला जुळी भावंडं लागतात. सिमोनो आणि बुशार यांनी 1995 मध्ये उपलब्ध माहिती पडताळून अंदाज मांडला, की माणसामाणसांतल्या संथ तंतूंच्या प्रमाणातला सुमारे 45 टक्के फरक आनुवंशिक, 40 टक्के परिस्थिती आणि सरावाचा आणि उरलेला 15 टक्के निव्वळ नमुना घेण्यातल्या चुकीचा. शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. सुई दोन सेंटिमीटर बाजूला टोचली की उत्तर बदलतं. स्नायू बदलला तर विचारूच नका: पोटरीतल्या सोलियसमध्ये बहुतेकांचे सुमारे 80 टक्के तंतू संथच असतात. ‘हिचे तंतू’ म्हणताना नेमक्या कोणत्या स्नायूचे, हे आधी सांगायला हवं.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्यांची एक जोडी तपासली होती. एक भाऊ तीस वर्षं लांब पल्ल्याचं धावणं, सायकलिंग करत आलेला, दुसरा व्यायामाच्या वाटेला न गेलेला. मांडीच्या स्नायूत पहिल्याचे संथ तंतू 90 टक्क्यांहून जास्त निघाले, दुसऱ्याचे 40 टक्क्यांच्या आसपास. जनुकं तीच. एकाच जोडीवरून नियम होत नाही आणि संथ-जलद अशी अदलाबदल सरावानं किती होते यावर वादही आहे. पण ‘बदलतच नाही’ हे विधान इथे टिकत नाही.

जलद तंतूंच्या आपापसातल्या बदलाबद्दल तर वाद नाहीच. अँडरसन आणि ऑगोर यांनी 2000 मध्ये व्यायाम न करणाऱ्या पुरुषांना तीन महिने वजनं उचलायला लावली. त्यांच्या मांडीतलं 2एक्स मायोसिन सुमारे 9 टक्के होतं, ते 2 टक्क्यांवर आलं. पुढचे तीन महिने व्यायाम बंद ठेवला आणि ते 17 टक्क्यांवर गेलं, म्हणजे सुरुवातीपेक्षाही वर. सर्वांत जलद तंतू वाढवायचे तर सोफ्यावर पडून राहावं, असा याचा अर्थ कुणी काढेल, म्हणून सांगतो: स्नायूचा आकार त्या विश्रांतीत कमी होतो आणि धावण्याचं कौशल्यही गंजतं.

आता दुसरा, तितकाच चिवट समज: स्प्रिंटमध्ये फक्त जलद तंतू चालतात आणि मॅरेथॉनमध्ये फक्त संथ. मेंदू तंतूंना प्रकार विचारून कामाला लावत नाही. एल्वुड हेनेमन यांनी दाखवलेल्या क्रमानुसार लहान चेतापेशी आधी जाग्या होतात, त्यांच्याकडे बहुधा संथ तंतू असतात. जोर वाढवावा लागला की मोठ्या चेतापेशी भर घालतात. म्हणजे शंभर मीटरच्या पहिल्याच ढकलीत दोन्ही प्रकार कामाला असतात. दमाच्या बाजूचा पुरावा गोल्निक, पील आणि सॉल्टिन यांनी 1974 मध्ये दिला. त्यांनी सायकलस्वारांना निरनिराळ्या तीव्रतेनं पेडल मारायला लावून मांडीचे नमुने घेतले आणि ग्लायकोजेन गडद गुलाबी दिसेल असा रंग त्यावर टाकला. बेताच्या वेगानं सायकल चालवली की आधी संथ तंतूंचा गुलाबी फिका पडायचा, जलद तंतू तसेच गडद. सायकल चालूच ठेवली की जलद तंतूही रिते व्हायला लागायचे, वेग न वाढवता. मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात तोच वेग राखणं एवढं जड जातं, त्याचं एक कारण हे. संथ तंतू रिकामे झालेले असतात आणि महागडे जलद तंतू हमाली करत असतात.

आणि ती गालातून काडी फिरवून केली जाणारी ‘स्पीड जीन’ची चाचणी? तीत एसीटीएन3 हे जनुक पाहतात. ऑस्ट्रेलियातल्या 2003 च्या अभ्यासात त्याची निकामी आवृत्ती दुहेरी असणं उत्तम स्प्रिंटरांमध्ये दुर्मीळ निघालं, हे खरं. पण वेगातल्या फरकाचा दोन-तीन टक्क्यांपलीकडे वाटा या जनुकाला देता येत नाही. शिवाय केनियात ही दुहेरी निकामी आवृत्ती सुमारे 1 टक्का लोकांतच सापडते. चाचणीचा कौल मानायचा तर जवळपास अख्ख्या केनियाला स्प्रिंटलाच उभं करावं लागेल.

किरकोळ समज राहिले. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी दुखतं ते लॅक्टिक आम्लामुळे नाही, ते आम्ल तासाभरात निघून जातं. उंदरांतला वेगवान 2बी प्रकार आपल्या हातापायांत नसतो, जुनी पुस्तकं ज्याला 2बी म्हणत तो 2एक्सच. आणि बायोप्सी न करता, उडी मारायला लावून तंतूंची टक्केवारी सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो.