घाईत घेतलेलं अ‍ॅप लोन परत कसं करायचं? कूलिंग-ऑफचा पूर्ण हिशोब

दसरा-दिवाळीचा सीझन जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, मोबाईलवर लोन घेतलं, पैसे खात्यात आले, पण आता नको वाटतंय. परत करता येतं का?"

येतं. पण त्याला मुदत आहे आणि थोडा खर्चही आहे. दोन्ही नीट समजून घेऊ.

नियम काय म्हणतो?

बँक किंवा एनबीएफसीने अ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून दिलेल्या डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेने 'कूलिंग-ऑफ' मुदत ठेवायला लावली आहे. या मुदतीत तुम्ही मुद्दल आणि वापरलेल्या दिवसांपुरता खर्च भरून कर्जातून बाहेर पडू शकता. त्यासाठी दंड लागत नाही.

मुदत किती? इथं बरेच जण फसतात. २०२२ च्या नियमात सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला किमान तीन दिवस मिळायचे. जुन्या व्हिडिओंत अजून तेच ऐकायला मिळतं. पण ८ मे २०२५ च्या नव्या निर्देशांनंतर किमान मुदत फक्त एक दिवस आहे. त्यापेक्षा जास्त द्यायची की नाही, हे प्रत्येक कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. म्हणून शेजारच्या दुकानदाराला तीन दिवस मिळाले म्हणजे तुम्हालाही मिळतील असं नाही.

तुमची मुदत तुमच्या केएफएसमध्ये, म्हणजे 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये लिहिलेली असते. हा कागद ई-मेलवर किंवा अ‍ॅपमध्ये येतो. त्याच्या दुसऱ्या भागात, डिजिटल कर्जाच्या माहितीत, 'कूलिंग-ऑफ' शब्द शोधा. केएफएसवर आणखी एक मुदत दिसेल, ती ऑफर किती दिवस खुली आहे याची. ती सही करण्याच्या आधीची असते. दोन्हींची गल्लत करू नका.

खर्च किती येतो?

समजा, लातूरच्या गंजगोलाईत तुमचं कटलरीचं दुकान आहे. सीझनच्या मालासाठी अ‍ॅपवरून १,००,००० रुपयांचं कर्ज घेतलं. मुदत १२ महिने, व्याज वर्षाला २४ टक्के. प्रोसेसिंग फी ३ टक्के म्हणजे ३,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४० रुपये. हे ३,५४० आधीच कापून खात्यात जमा झाले ९६,४६० रुपये.

दुसऱ्या दिवशी होलसेलवाला म्हणाला, "माल उधारीवर घेऊन जा, दिवाळीनंतर पैसे द्या." आता कर्जाची गरजच उरली नाही. केएफएसमध्ये कूलिंग-ऑफ तीन दिवसांची आहे आणि तुम्ही दोन दिवसांनी पैसे परत करताय.

दोन दिवसांचं व्याज: १,००,००० × २४ टक्के × २ ÷ ३६५ = साधारण १३२ रुपये.

म्हणजे भरायचे १,००,१३२ रुपये. खात्यात आले होते ९६,४६०. खिशातून गेले ३,६७२.

पाहा, व्याज जेमतेम १३२ रुपये आहे. खरा खर्च प्रोसेसिंग फीचा आहे. तुम्ही बाहेर पडलात तरी वाजवी, एकदाची प्रोसेसिंग फी कंपनी ठेवू शकते. अट एकच, ते केएफएसमध्ये आधी लिहिलेलं पाहिजे. लिहिलेलं नसेल तर फी परत मागा. फी ठेवली असेल तर तीच फी एपीआरच्या हिशोबातून पुन्हा लावलेली नाही ना, तेही विचारा. कारण एपीआरमध्ये व्याजासोबत फीसुद्धा धरलेली असते.

आता हेच कर्ज दोन हप्ते भरून बंद केलं तर? दोन महिन्यांचं व्याज सुमारे ३,८५० रुपये. करारात ४ टक्के फोरक्लोजर चार्ज असेल तर उरलेल्या मुद्दलावर आणखी ३,४०० च्या आसपास. त्यात फीचे ३,५४० धरले की एकूण जवळपास १०,८००. कूलिंग-ऑफमध्ये हेच काम ३,६७२ मध्ये होत होतं.

बाहेर पडायचं कसं?

१. केएफएसमधून कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं नाव काढा. अ‍ॅपचं नाव आणि कर्ज देणाऱ्याचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं.

२. अ‍ॅपमध्ये कर्ज रद्द करायचा पर्याय शोधा. सापडला नाही तर केएफएसमधल्या ई-मेलवर लगेच लिहा: कर्ज खाते क्रमांक, पैसे जमा झाल्याची तारीख, "कूलिंग-ऑफ मुदतीत कर्ज बंद करायचं आहे, भरायची नेमकी रक्कम कळवा." फोन केला तरी ई-मेल कराच, तारखेसह पुरावा राहतो.

३. रक्कम मुदतीच्या आत भरा. नुसता मेल टाकून किंवा पैसे खात्यात तसेच ठेवून कर्ज रद्द होत नाही. मध्ये रविवार किंवा सुट्टी असेल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

४. पैसे कर्ज देणाऱ्या कंपनीच्याच खात्यात किंवा अ‍ॅपमधल्या अधिकृत लिंकवर भरा. "कॅन्सल करून देतो, माझ्या फोन-पेवर टाका" असं म्हणणारा एजंट भेटला तर एक रुपयाही देऊ नका. त्याच्याकडं गेलेला पैसा तुमच्या कर्जात जमा होईल याची खात्री नाही.

५. कर्ज बंद झाल्याचं पत्र घ्या आणि हप्त्यासाठी दिलेलं ऑटो-पे किंवा ई-नॅच बंद झालंय का, ते बँकेत तपासा. ते चालू राहिलं तर पुढच्या महिन्यात खात्यातून हप्ता कापला जाऊ शकतो. महिना-दीड महिन्यानं क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्ज 'बंद' दिसतंय का, तेही बघा.

कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. ती फुकट आहे.

हे कुठं चालत नाही?

गावातली पतसंस्था, सावकार, किंवा बँकेच्या शाखेत कागदावर सह्या करून घेतलेलं कर्ज, यांना हा नियम लागू नाही. तिथं करारातल्या मुदतपूर्व फेडीच्या अटीच बघाव्या लागतात.

दुसरी अडचण वस्तूंवरच्या कर्जाची. समजा, नांदेडच्या वजिराबादेत दुकानासाठी डीप फ्रीजर घेतला आणि काउंटरवरच मोबाईलवरून ईएमआय करून घेतला. हेही डिजिटल कर्ज असू शकतं, पण पैसे थेट डीलरकडं गेलेले असतात. कर्ज रद्द केलं म्हणजे खरेदी रद्द झाली असं नाही. आधी डीलरशी बोला. तो फ्रीजर परत घेत नसेल तर कर्जाचे पैसे तुम्हाला स्वतःच्या खिशातून भरावे लागतील.

आणि हीच गोष्ट रोख कर्जालाही लागू आहे. आलेल्या ९६,४६० मधले ३०,००० होलसेलवाल्याला ॲडव्हान्स देऊन बसलात तर मुदत असूनही बाहेर पडता येणार नाही, कारण परत करायचे आहेत १,००,१३२. म्हणून लोनचा मेसेज आला की पहिल्या दिवशी पैशाला हात लावू नका. आधी केएफएस उघडा, कूलिंग-ऑफची तारीख आणि प्रोसेसिंग फीची ओळ वाचा. पैसे खरंच लागणार आहेत का, हे त्या तारखेच्या आत ठरवा आणि मगच मालाची ऑर्डर द्या.