वाघ पुलाखालून जातो

नागपूरहून जबलपूरकडे मोटारीने निघालेल्या प्रवाशाला मनसर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना साग दिसू लागतो. देवलापार ओलांडून खवासापर्यंत, म्हणजे महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश लागेपर्यंत, रस्ता मधूनमधून दाट रानातून जातो. हे रान पेंचचे. या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणत, आता ४४ म्हणतात. रस्ता दुपदरी होता तोवर त्याच्यावरून हरणे, डुकरे, रानमांजरे इकडून तिकडे जात, आणि त्यांतली काही चाकाखाली सापडत. तो चौपदरी करायचे ठरले, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो केवळ मरणाऱ्या जनावरांचा नव्हता. पेंचचे रान एका अंगाला कान्हाशी आणि दुसऱ्या अंगाला नवेगाव-नागझिऱ्याशी जोडलेले आहे. तरुण वाघ आईपासून वेगळा झाला की नव्या मुलखाच्या शोधात याच वाटांनी निघतो. मधे चार पदरांची, दिवसरात्र वाहणारी भिंत आली, तर काही जनावरे तिच्यावर आपटून मरणार आणि उरलेली तिच्यापाशी थबकून परत फिरणार. दुसरा तोटा पहिल्याहून लहान नाही. पण थबकलेल्या जनावराचे प्रेत रस्त्यावर दिसत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो पाटीचा. पिवळ्या पाटीवर उडी मारणारे हरीण आणि खाली ‘सावकाश चालवा’. मी मराठी शिकवतो, त्यामुळे पाट्या वाचण्याची मला खोड आहे, आणि या पाटीचे दुखणे मला भाषेचे वाटते. जे वाक्य रोज त्याच जागी, त्याच सुरात ऐकू येते ते माणूस ऐकेनासा होतो. ड्रायव्हर शंभर वेळा त्या हरणाच्या चित्रावरून जातो आणि शंभरही वेळा खरे हरीण दिसत नाही. एकशेएकाव्या वेळी पाटी त्याच्या दृष्टीने खोटी ठरलेली असते. परदेशांत याच्या पाहण्या झाल्या आहेत. नेहमीच्या कायम उभ्या पाट्यांनी वाहनांचा वेग फारसा उतरत नाही आणि टक्करींतही म्हणण्यासारखी घट होत नाही, असेच त्यांतून पुन्हापुन्हा दिसले.

आणि वेगाचा हिशेब निर्दय आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर तोडते. समोर चितळ दिसले, ते आहे हे कळले आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो असे धरू. तेवढ्यात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ती थांबायला आणखी ५५ मीटर तरी लागतात. एकूण सत्त्याण्णव झाले. रात्री समोरून वाहन येत असताना दिवे खाली केलेले असतात, तेव्हा उजेड धड साठ मीटरही पोचत नाही. म्हणजे ड्रायव्हर कितीही दक्ष असला, तरी चितळ दिसेपर्यंत त्याला वाचवण्याची वेळ टळून गेलेली असते. तीच गाडी ताशी ५० वेगाने असती, तर साधारण ३५ मीटरांत थांबली असती. पाटीने वेग खरोखर निम्म्यावर आणला तरच जनावर वाचणार, आणि एकटी पाटी तेवढे करीत नाही.

पाटीला जोड मिळाली तर गोष्ट बदलते. गतिरोधकाचे उंचवटे ड्रायव्हरला वाचावे लागत नाहीत, ते त्याच्या कमरेला समजतात. अरुंद वनरस्त्यावर ते पाटीपेक्षा खात्रीचे. स्वित्झर्लंडसारख्या देशांत दुसरी युक्ती केली गेली. रस्त्याकडेला जनावराची चाहूल घेणारी यंत्रे बसवली आणि जनावर खरोखर जवळ आले असेल तेव्हाच पाटीवरचे दिवे पेटतील अशी सोय केली. ही पाटी सहसा खोटे बोलत नाही, म्हणून लोक तिचे ऐकतात. यंत्र बिघडले आणि दिवे उगीचच पेटू लागले, की तिचीही पत जाते. बांदीपूरच्या रानात तर पाटीवर विसंबायचेच नाही असे ठरले. तिथून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद ठेवण्यात आली, ठरावीक बसगाड्या आणि निकडीची वाहने तेवढी वगळून. उपाय रामबाण, परंतु उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थान जोडणाऱ्या पेंचच्या रस्त्यावर रात्रभर फाटक लावणे कोणी मान्य केले नसते.

तेव्हा उरला तो पुलाचा मार्ग: मोटारी वरून, जनावरे खालून. त्यासाठी वर्षानुवर्षे वाद झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने पूल कुठे आणि केवढे असावेत हे सुचवले, खर्चावरून घासाघीस झाली, आणि अखेर महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ता उचलला गेला. पाच खास जनावरांसाठी केलेल्या वाटा आणि चार लहान पूल. यांतला सर्वांत आखूड ५० मीटरांचा आणि सर्वांत लांब ७५० मीटरांचा.

पाऊण किलोमीटरचा पूल जनावरांसाठी हवा कशाला, एवढे मोठे नळ टाकले असते तर काय बिघडले असते, असे कोणीही विचारील. याचे उत्तर जनावराच्या डोळ्यात आहे. चितळ किंवा सांबर अंधाऱ्या बोळात शिरत नाही, कारण बोळाच्या पलीकडे वाघ बसला असेल तर पळायला जागा नसते. त्याला पलीकडचे रान आणि आकाश दिसले पाहिजे. म्हणून जाणकार एक साधे गणित मांडतात. वाटेची रुंदी गुणिले उंची, आणि त्याला जनावराला छपराखालून चालावे लागणाऱ्या अंतराने भागायचे. समजा रस्ता ३० मीटर रुंद आहे. त्याच्याखाली ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच मोरी टाकली, तर आकडा येतो ०.३. हा बोळ झाला. साळिंदर, मुंगूस, उदमांजर जाईल, पण हरणांचा कळप बाहेरच उभा राहील. त्याच रस्त्याखाली ५० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच जागा ठेवली, तर आकडा ८ च्या वर जातो. ७५० मीटरांच्या पुलाखाली तर जनावराला आपण पुलाखाली आहोत असे वाटूही नये. तिथे नाला वाहतो, गवत उगवते, आणि खांब तेवढे चुकवावे लागतात.

पण नुसता पूल बांधला आणि दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्या, तर जनावर आपल्या जुन्या पायवाटेनेच वर चढते. त्याला पुलाची वाट दाखवते ते कुंपण. पूल आणि कुंपण हे जातीचे जोडीदार आहेत. कुंपणाविना पूल टक्करी फारशा कमी करीत नाही, आणि पुलाविना कुंपण रानाचे दोन तुकडे करते. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक रस्त्यांची तुलना करून असे दिसले आहे, की कुंपण ५ किलोमीटरांहून आखूड असेल तर मोठ्या जनावरांशी होणाऱ्या टक्करी सरासरीने निम्म्याने घटतात, आणि त्याहून लांब असेल तर बहुधा ८० टक्क्यांहून अधिक. कारण उघड आहे. कुंपण जिथे संपते तिथे जनावर वळसा घालून रस्त्यावर येते, आणि आखूड कुंपणाची टोके लवकर लागतात. खवाशाच्या पुढे मध्य प्रदेशाच्या टप्प्यात उंचावरच्या रस्त्याच्या कडांना माणसाच्या दुपटीहून उंच आडोसे लावले आहेत, म्हणजे वरच्या मोटारींचा आवाज आणि दिव्यांचा झोत खालच्या वाटेवर पडू नये.

आता जनावरांनी हे सगळे मानले का? वन्यजीव संस्थेच्या मंडळींनी २०१९ साली मार्च ते डिसेंबर या काळात महाराष्ट्रातल्या नऊ जागी ७८ कॅमेरे लावून ठेवले. समोरून ऊब असलेले काही हलले की हा कॅमेरा आपोआप टिपतो, मग ते गुरे असोत, कुत्री असोत की माणसे. सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रे जमली. त्यांत वन्यप्राण्यांच्या नोंदी ५,४५० निघाल्या आणि जाती अठरा. सर्वांत जास्त चितळ, ३,१६५ वेळा. त्याखालोखाल रानडुक्कर, ६७७ वेळा. गवा, सांबर, नीलगाय, अस्वल, रानकुत्री यांच्याबरोबर वाघाटीसारखे लाजाळू, मांजराहून लहान जनावरही उमटले. वाघ ८९ वेळा गेला. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे निराळे असतात, त्यामुळे छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. हे ८९ फेरे ११ वाघांचे होते.

हे आकडे वाचून हुरळून जायला होते, पण त्यांतून काय सिद्ध होते आणि काय नाही, हे नीट वेगळे केले पाहिजे. वाघ खालून जातो, एवढे निर्विवाद सिद्ध झाले; मोठे, चतुर, माणसाला बुजणारे जनावर अशी वाट पत्करणार नाही ही शंका फिटली. मात्र अकरा वाघांचे एकोणनव्वद फेरे याचा अर्थ प्रत्येकाचे आठ असा नव्हे. ज्याचा मुलूख रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, त्याच्यासाठी ती रोजची वाट असू शकते, आणि एखादा दूरदेशी निघालेला तरुण वाघ एकदाच जाईल. रानांच्या जोडणीच्या दृष्टीने त्या एका फेऱ्याचे मोल अधिक. शिवाय दहा महिने हा काळ थोडा आहे. कॅनडात बॅन्फच्या रानातून जाणाऱ्या महामार्गावर हरणांनी नव्या वाटा लवकर पत्करल्या, पण अस्वले आणि लांडगे यांना सरावायला काही वर्षे लागली.

पुलाखालची वाट बिघडते तीही हळूहळू. तिथे सावली असते, पावसाळ्यात आडोसा असतो, म्हणून गुराखी गुरे घेऊन बसतो, मागोमाग गावची कुत्री येतात, आणि दिवसा वावरणारी जनावरे ती जागा टाळू लागतात. बांधकामाचा राडारोडा तसाच राहिला तर गवत येत नाही. पाण्याचा निचरा चुकला तर वाटेचे डबके होते. कुंपणाची जाळी एका जागी कापली गेली, की जनावर त्या भगदाडातून रस्त्यावर शिरते आणि मग दोन्ही कुंपणांच्या मधे कोंडून धावत सुटते. ही अवस्था कुंपण नसण्याहूनही वाईट. याची खूण कॅमेऱ्यात एकदम दिसत नाही. फेरे कमी होत जातात, आणि कुंपणाच्या टोकांपाशी, भगदाडांपाशी मेलेली जनावरे सापडू लागतात.

म्हणून जिवंत फेऱ्यांबरोबर मृतांचीही मोजदाद लागते, आणि ती कॅमेऱ्याहून कष्टाची असते. कोणीतरी ठरलेल्या दिवशी, उजाडताच, ठरलेला पट्टा पायी किंवा अगदी सावकाश गाडीने पाहत जायचे, आणि सापडलेले प्रत्येक जनावर जागेसह लिहायचे. रस्ता रुंद होण्याआधीचे आकडे हवेत, नंतरचे हवेत, आणि जवळच्या पूल नसलेल्या तुकड्याचेही हवेत, नाहीतर घट पुलामुळे झाली की त्या साली पाऊसपाणी निराळे होते म्हणून झाली, हे सांगता येत नाही. उशीर करून चालत नाही. सांबर पडले तर दुपारपर्यंत दिसते, पण बेडूक, साप, ससा यांचे अवशेष कावळे आणि कोल्हे सकाळच्या चहाच्या आतच उचलून नेतात, आणि वहीत त्या जागी काहीच लिहिले जात नाही.