एकाच्या प्रश्नांत सगळ्यांचं बजेट

डिसेंबर २०२३मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिल गावातील एका शेव्हरोले विक्रेत्याच्या संकेतस्थळावरचा चॅटबॉट भलताच गाजला. गाड्यांची माहिती देण्यासाठी ठेवलेल्या त्या चॅटबॉटकडून लोकांनी संगणकाचे प्रोग्रॅम लिहून घेतले. एकाने तर एक डॉलरमध्ये गाडी द्यायला त्याच्याकडून होकारही मिळवला. चर्चा त्या डॉलरचीच झाली. पण अशा फुकटच्या प्रत्येक उत्तराचे पैसे चॅटबॉट ठेवणाऱ्याला मोजावे लागतात, आणि त्यावर लगाम कसा घालायचा हा प्रश्न आज चॅटबॉट चालवणाऱ्या प्रत्येक लहान संस्थेपुढे आहे.

हे पैसे प्रश्नांच्या संख्येवर नव्हे, टोकनांवर आकारले जातात. टोकन म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा. आत जाणाऱ्या टोकनांचा दर वेगळा असतो, बाहेर येणाऱ्यांचा बहुधा त्याहून चढा. देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा सहसा जास्त पडतात, म्हणून मराठी संवाद महाग जातो. शिवाय मॉडेलला मागचं काही आठवत नसल्यामुळे प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर आधीचं संभाषण पुन्हा पाठवावं लागतं. गप्पा लांबतात तसा पुढचा प्रत्येक प्रश्न आणखी महाग होतो.

समजा, एक संस्था शेतकऱ्यांना पीकसल्ला देणारा चॅटबॉट चालवते आणि त्यासाठी दिवसाला हजार रुपये बाजूला ठेवते. दर असे धरू: दहा लाख टोकन आत पाठवायला १०० रुपये, तेवढेच बाहेर यायला ४०० रुपये. साध्या प्रश्नाला सूचनांसकट दीड हजार टोकन आत आणि ३०० बाहेर लागले, तर खर्च २७ पैसे. आता कोणी पन्नास हजार टोकनांचा मजकूर चिकटवून चार हजार टोकनांचं उत्तर मागितलं, तर त्या एका विनंतीचे ६ रुपये ६० पैसे होतात. मिनिटाला अशा दहा विनंत्या पाठवणारा छोटा प्रोग्रॅम पंधरा मिनिटांत दिवसाचं बजेट संपवतो. मग दुपारी कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल विचारणाऱ्याला काहीच मिळत नाही.

‘दिवसाला वीस प्रश्न’ हा नियम सांगायला सोपा असला, तरी पुरेसा नाही. वीस साध्या प्रश्नांना पाच रुपये चाळीस पैसे लागतात, तर तसल्या वीस विनंत्यांना १३२ रुपये. म्हणून कोटा रुपयांत धरावा आणि प्रत्येक विनंतीचा आकारही बांधून टाकावा. प्रश्न, मागचं संभाषण आणि सूचना मिळून साडेचार हजार टोकन आत, ८०० बाहेर, अशी मर्यादा घातली तर एका विनंतीचा खर्च ७७ पैशांच्या वर जाऊच शकत नाही. माणशी रोजचा कोटा दहा रुपये ठेवू.

यातही एक फट राहते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उत्तर येऊन गेल्यावर खर्च वजा केला आणि कोणी एकाच क्षणी पन्नास विनंत्या सोडल्या, तर पन्नासही जणींना शिल्लक दहा रुपयेच दिसते. सगळ्या पुढे जातात आणि बिल साडेअडतीस रुपयांपर्यंत चढतं. उपाय असा, की विनंती मॉडेलकडे जाण्याआधीच ७७ पैसे अडवून ठेवायचे आणि उत्तर आल्यावर उरलेले परत जमा करायचे. शिल्लक तपासणं आणि रक्कम अडवणं ही दोन कामं एकाच अखंड पायरीत झाली पाहिजेत, मध्ये दुसरी विनंती घुसता कामा नये. मग एका वेळी बारा विनंत्या पुढे जातात, तेरावी थांबते.

पण कोटा लावायचा कोणाला? आयपी पत्त्यावर लावणं सोपं, पण मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकच पत्ता वाटून देतात. एकाच्या उपद्व्यापामुळे न पाहिलेल्या शेकडो माणसांना दार बंद होतं, आणि हा अन्याय संस्थेच्या नोंदींत दिसतही नाही. मोबाइल क्रमांकावर ओटीपी घेऊन कोटा द्यावा हे बरं. मात्र ओटीपीच्या एसएमएसचेही पैसे पडतात, त्यामुळे एका क्रमांकाला तासाला मोजकेच ओटीपी पाठवावेत. आयपीवरची मर्यादा बरीच सैल ठेवून फक्त प्रोग्रॅमचा भडिमार रोखण्यासाठी वापरावी.

दहाचा आकडा योग्य आहे का, हे आधी कोणालाही न अडवता पाहता येतं. दोन आठवडे नियम नुसता नोंदींत चालवावा आणि कोण अडलं असतं ते तपासावं. त्यांत रोज पिकाचे फोटो पाठवणारे खरे शेतकरीच जास्त निघाले, तर कोटा तोकडा आहे. प्रत्यक्ष अडवताना सर्व्हर `429` हा ठरलेला संकेत देतो. पडद्यावर मात्र सरळ मराठीत लिहावं: ‘आजचा कोटा संपला आहे. उद्या सकाळी सहा वाजता पुन्हा सुरू होईल. तातडीचं असेल तर कृषी सहायकांना फोन करा.’