ज्युरीतली 339 नावे: हा योगायोग असू शकतो का?

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून हिदाल्गो काउंटी आहे. 1970च्या जनगणनेनुसार तिथले 79.1 टक्के रहिवासी मेक्सिकन वंशाचे होते. आरोपीवर खटला चालवावा की नाही, हे तिथे नागरिकांची ‘ग्रँड ज्युरी’ ठरवत असे. अकरा वर्षांत या कामासाठी 870 जणांना बोलावले गेले आणि त्यांत मेक्सिकन वंशाचे फक्त 339, म्हणजे 39 टक्के होते. शिक्षा झालेल्या एका आरोपीने याला आव्हान दिले. ‘कास्तानेदा विरुद्ध पार्तिदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली दिला.

न्यायालयापुढचा प्रश्न असा होता: वंश न पाहता नावे काढली असती, तर 79च्या जागी 39 टक्के येणे निव्वळ योगायोगाने घडले असते का?

अशी 870 नावांची यादी चिठ्ठ्या टाकून पुन्हा पुन्हा काढली, तर दर वेळी टक्केवारी थोडी वेगळी येईल. कधी 78, कधी 80. या सगळ्या संभाव्य टक्केवाऱ्या किती वेळा येतील याची मांडणी म्हणजे नमुन्यातल्या हिश्शाचे वितरण. त्याचा मध्य 79.1वर असतो आणि त्याचा पसारा √(p(1−p)/n) या सूत्राने मिळतो. इथे p म्हणजे लोकसंख्येतला हिस्सा, 0.791, आणि n म्हणजे 870. उत्तर येते सुमारे 1.4 टक्के. हे झाले प्रमाण विचलन.

या वितरणाचा आकार घंटेसारखा, म्हणजे प्रसामान्य, असेल तर साधारण 95 टक्के याद्या मध्यापासून दोन विचलनांच्या आत, म्हणजे 76 ते 82 टक्क्यांदरम्यान येतात. प्रत्यक्षातले 39 टक्के मात्र तब्बल 29 विचलने खाली होते. पण आकार घंटेसारखा आहे, हे गृहीत धरता येत नाही. ते आधी तपासावे लागते.

पहिली तपासणी मोजणीची. यादीत दोन्ही गटांची अपेक्षित संख्या निदान दहा तरी हवी. इथे 870 × 0.791 म्हणजे सुमारे 688 आणि उरलेले 182. अट सहज पूर्ण होते. ही अट का हवी, हे बारा जणांच्या एकाच ज्युरीकडे पाहिले की कळते. बारांत इतर वंशांचे अपेक्षित सदस्य जेमतेम अडीच. विचलन येते 11.7 टक्के. घंटाकृती वक्र इथे लावला, तर ज्युरीत मेक्सिकन वंशाचे लोक शंभर टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता जवळपास चार टक्के निघते! खरे वितरण शंभराच्या भिंतीला टेकून डावीकडे लांब शेपूट सोडते. बारांपैकी सहा किंवा त्याहून कमी येण्याची अचूक शक्यता 2.4 टक्के आहे, पण वक्र ती 0.7 टक्केच सांगतो. म्हणजे साधा योगायोगही संशयास्पद वाटू लागतो. अशा वेळी वक्र बाजूला ठेवून द्विपद वितरणाने थेट हिशेब करावा.

दुसरी तपासणी नमुन्याच्या आकाराची. काढलेले नाव परत चिठ्ठ्यांत टाकले नाही, तर उरलेल्यांतला हिस्सा किंचित बदलतो. नमुना एकूण लोकांच्या दहा टक्क्यांहून कमी असेल, तर हा बदल नगण्य ठरतो. काउंटीची लोकसंख्या सुमारे 1 लाख 80 हजार होती. त्यातून लहान मुले वगळली, तरी 870 हा आकडा लहानच.

तिसरी अट यादृच्छिक निवडीची, म्हणजे एकाचे नाव आल्याने दुसऱ्याची शक्यता बदलू नये. हिदाल्गोत ती उघडच पाळली गेली नव्हती. न्यायाधीशांनी नेमलेले आयुक्त आपल्या पसंतीने नावे ठरवत. मग हिशेब फोल ठरतो का? नाही, कारण इथे नेमकी हीच अट कसाला लावायची होती. पहिल्या दोन अटी वक्राच्या आकारासाठी होत्या आणि त्या पूर्ण झाल्या, म्हणून 29 विचलनांचा दोष वक्रावर ढकलता येत नाही. तो निवडीकडेच बोट दाखवतो.

वादाला जागा होती ती 79.1 या आकड्यात. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचा आक्षेप होता की एकूण लोकसंख्या नव्हे, ज्युरीस पात्र असलेले लोक मोजायला हवेत. समजा पात्र लोकांत हा हिस्सा 65 टक्केच होता. तरीही फरक 16 विचलनांचा राहतो.

न्यायालयाने निकालाच्या तळटीपेत अशा योगायोगाची शक्यता 10चा 140वा घात या संख्येत एकाहूनही कमी असल्याचे लिहिले. हा आकडा मात्र अक्षरशः घेऊ नये. अटी पूर्ण झाल्या की घंटेचा मधला भाग विश्वासार्ह ठरतो, इतक्या दूरच्या टोकाला वक्र आणि खरे वितरण यांच्यात कितीतरी पटींचा फरक पडू शकतो. त्याने निष्कर्ष बदलत नाही, कारण दोन-तीन विचलनांपलीकडेच शंका रास्त ठरते, असे त्याच तळटीपेत म्हटले आहे.

गणिताने एवढेच सांगितले की निवड योगायोगाने झाली नाही. ती तशी का झाली, हे सांगण्याची जबाबदारी न्यायालयाने राज्यावर टाकली. राज्याने आयुक्तांची साक्षच काढली नव्हती, आणि पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आरोपीच्या बाजूने गेला.