प्रपोजल फॉर्ममधलं ‘नाही’

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की घरातले लोक पॉलिसीची कागदपत्रं काढून बसतात. अनेकदा नकाराचं मूळ पॉलिसीत सापडत नाही. ते सापडतं त्याआधी भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, कधी ऑपरेशन झालं आहे का, दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आहे का, असे प्रश्न त्यात ओळीने छापलेले असतात. एजंट विचारतो, ‘‘तब्येत ठणठणीत ना?’’ आपण मान डोलावतो, तो सगळीकडे ‘नाही’वर खूण करतो आणि आपण खाली सही करतो.

ही सही एवढी भारी का पडते, हे समजायला विम्याचा करार इतर व्यवहारांहून वेगळा कसा, ते पाहावं लागतं. जुनी गाडी घेताना आपण ती चालवून बघतो, मेकॅनिकला दाखवतो. पारख करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. विम्यात मात्र कंपनी जी जोखीम उचलते तिची बरीचशी माहिती ग्राहकाकडेच असते. गोळ्या किती वर्षांपासून चालू आहेत, हे तोच जाणतो. म्हणून कायदा इथे दोन्ही बाजूंकडून परम सद्भावाची अपेक्षा करतो: महत्त्वाचं काही दडवायचं नाही.

हे तत्त्व १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी एका निकालात मांडलं. सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रज किल्ल्याच्या गव्हर्नरने, शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी, असा विमा लंडनमध्ये उतरवला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला आणि विमा देणारा म्हणाला, किल्ला दुबळा आहे हे मला सांगितलंच नव्हतं. निकाल गव्हर्नरच्या बाजूने लागला, कारण जे विमा देणाऱ्याला ठाऊक होतं किंवा सहज कळू शकलं असतं, ते न सांगितल्याचा दोष ग्राहकावर येत नाही. सद्भावाचा नियम ज्या खटल्यात घडला, त्यात विमा देणाराच हरला होता.

मग सांगायचं काय काय? सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या एका मेडिक्लेम प्रकरणात कसोटी दिली. विमा द्यायचा की नाही हे ठरवताना समंजस विमा कंपनीच्या निर्णयावर ज्याचा परिणाम होईल, ती माहिती महत्त्वाची. फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल, तर त्याचं पूर्ण आणि खरं उत्तर द्यायलाच हवं.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागते, ते गुजरातमधल्या एका प्रकरणात दिसतं. एका गृहस्थांनी जुलै २००९ मध्ये एका कंपनीकडून ११ लाखांचा आयुर्विमा घेतला. दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीकडे १० लाखांसाठी अर्ज केला. इतर पॉलिसींच्या रकान्यात उत्तर होतं ‘लागू नाही’. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांचं निधन झालं. पहिल्या कंपनीने पैसे दिले, दुसरीने क्लेम नाकारला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये कंपनीचा नकार योग्य ठरला. इथे आजार लपवला नव्हता, पण एका माणसावर एकूण किती रकमेचा विमा आहे आणि तो त्याच्या उत्पन्नाला साजेसा आहे का, हे कंपनी तपासते. ती संधीच तिला मिळाली नव्हती. ‘फॉर्म न वाचता, न समजता सही केली’ हा बचावही न्यायालयाने मानला नाही.

यावरून प्रत्येक राहून गेलेल्या पॉलिसीने क्लेम बुडतो, असं मात्र नाही. २०२५ मधल्या एका निकालात अर्जदाराने आपली ४० लाखांची पॉलिसी सांगितली होती, पण दोन-सव्वादोन लाखांच्या किरकोळ पॉलिसी लिहिल्या नव्हत्या. न्यायालयाने क्लेम द्यायला लावला. मोठी रक्कम माहीत असूनही कंपनीने विमा दिला होता. छोट्या पॉलिसींनी तिचा निर्णय बदलला नसता. तसंच २०१५ मधल्या एका प्रकरणात विमेदाराने मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकाराने झाला. ते दुखणं जिवावर बेतणारं नव्हतं, म्हणून तेवढ्या कारणाने क्लेम नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

आरोग्य विम्यात गोष्ट बहुधा दवाखान्याच्या कागदावरून उघडी पडते. समजा, ४५ वर्षांच्या एका बाईंना पाच वर्षांपासून रोज सकाळी बीपीची गोळी चालू आहे. ‘गोळीने बीपी नॉर्मल असतं, मग आजार कुठला?’ असं म्हणून त्यांनी फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. वर्षभराने छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. भरती करून घेताना डॉक्टरांनी विचारलं, त्यांनी खरं ते सांगितलं आणि केसपेपरवर ओळ आली: ‘पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब’. कंपनी ती ओळ आणि फॉर्मवरचं ‘नाही’ शेजारी ठेवते. रक्तदाबाचा हृदयाशी थेट संबंध असल्याने इथे मणक्याच्या निकालाचा आधार मिळणं कठीण. गोळी चालू असणं म्हणजे आजार आहे, एवढं त्यांनी धरलं असतं, तर फार तर हप्ता वाढला असता किंवा त्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लागला असता. हा काळ आजच्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने असतो.

कंपनीला मात्र हे हत्यार कायमचं दिलेलं नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणाने आव्हानाखाली येत नाही. ही वर्षं पॉलिसी मिळणं, जोखीम सुरू होणं, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू होणं किंवा रायडर जोडणं, यांतल्या सर्वांत उशिराच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, की मोजणीही नव्याने सुरू होते. तीन वर्षांच्या आत नकार द्यायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात, आणि फसवणूक नसेल तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. आरोग्य विम्यात सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर कंपनीला फसवणूक सिद्ध करावी लागते. नुसतं ‘सांगितलं नाही’ पुरत नाही.

म्हणून पॉलिसी हातात आली की सोबतची प्रपोजल फॉर्मची प्रत आधी वाचावी; ती नसेल तर मागून घ्यावी. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुभा असते, तोच या वाचनाचा काळ. एखादं उत्तर चुकीचं दिसलं तर एजंटला फोन करून थांबू नये. कंपनीला लेखी कळवावं, ‘मला अमुक वर्षापासून रक्तदाबाची गोळी चालू आहे, फॉर्ममध्ये दुरुस्ती करावी’, आणि पोच जपून ठेवावी. कंपनी हप्ता वाढवेल, क्वचित नकारही देईल. तो नकार आपण धडधाकट असताना मिळाला, तर दुसरी सोय बघायला वेळ असतो.